लेझरच्या कर्जाआधी : हनुवटीवरचे केस, चुकणारी पाळी आणि मुरूम

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं बोलणं. सभेला येऊ न शकलेल्या सदस्यांसाठी ते इथे देत आहोत.)

आज वसुलीचं आणि रजिस्टरचं बोलणं झालं की मला अर्धा-पाऊण तास द्या, असं मी अध्यक्ष ताईंना आधीच सांगून ठेवलं होतं. विषय थोडा लाजेचा आहे. पण तो आपल्याकडे कर्ज मागणी अर्जातून आला आहे, म्हणून सभेतच बोलायचा.

दीड वर्षापूर्वी आपल्या एका गटात एक अर्ज आला. कर्जाचं कारण लिहिलं होतं, 'मुलीचा दवाखाना'. रक्कम ₹ २४,०००. गटानं विचारलं, कसला दवाखाना? त्या ताई काही बोलेनात. शेवटी बैठक संपल्यावर सीआरपी ताईंच्या कानात त्यांनी सांगितलं की मुलीच्या हनुवटीला आणि ओठांवर दाढी-मिशीसारखे केस येतात. तालुक्याच्या गावी एका ब्युटी क्लिनिकमध्ये लेझरचं पॅकेज सांगितलंय. सहा वेळा जायचं, केस कायमचे जातात म्हणाले. मुलगी एकोणीस वर्षांची, स्थळं यायला लागलेली, आणि पोरगी तोंडाला ओढणी बांधल्याशिवाय दारात येत नाही.

त्या ताईंनी आणि मुलीनं परवानगी दिली म्हणून मी हे सांगतेय. गाव आणि नाव सांगणार नाही, कुणी अंदाजही बांधू नका. सोयीसाठी आपण तिला नुसतं 'लेक' म्हणू.

मी घरी गेले तेव्हा लेकीला चार गोष्टी विचारल्या. पाळी कधी आली होती? म्हणाली, चार महिने झाले. त्याआधी? दोन महिन्यांनी, कधी तीन महिन्यांनी. पहिली पाळी तेराव्या वर्षी आलेली आणि सोळाव्या वर्षापासून हे असं चाललेलं. केस सतराव्या वर्षापासून. गालावर, जबड्याच्या कडेला दुखरे मुरूम. आणि मानेच्या मागे काळी, मखमलीसारखी जाड कातडी. आई म्हणाली, "घासून घासून थकले, मळ निघतच नाही." तो मळ नसतोच. मान अशी काळी दिसली की शरीरात इन्सुलिन जास्त झालेलं असू शकतं, त्याची ती खूण आहे. घासलं की कातडी आणखी काळी पडते.

केस, मुरूम, पाळी आणि मान, ही चार वेगळी दुखणी वाटतात. आई तर पाळीला काढा, मुरमाला मलम, मानेला लिंबू आणि केसाला लेझर, असे चार खर्च करत होती. पण मूळ एकच असतं. त्याला पीसीओएस म्हणतात.

आता हे आत काय होतं ते नीट सांगते, कारण ते कळलं की पुढचं सगळं कळतं. बाईच्या शरीरात थोडं पुरुषी संप्रेरक, म्हणजे हार्मोन, सगळ्यांनाच असतं. माझ्या, तुमच्या, सगळ्यांच्या. पीसीओएसमध्ये अंडाशय ते जास्त तयार करतात. बऱ्याच जणींमध्ये इन्सुलिन वाढलेलं असतं आणि ते अंडाशयाला आणखी डिवचतं. दर महिन्याला एक अंडं पिकून बाहेर पडायला हवं, ते पडत नाही. आपल्या कापसाचं बघा, पाती लागते, बोंडं धरतात, पण काही वर्षी उमलतच नाहीत, तशीच बारकी राहतात. अंडाशयात तसंच होतं. अंड्याच्या बारक्या बारक्या पिशव्या अर्धवट वाढून तशाच थांबतात. अंडं बाहेर पडलं नाही की पाळी लांबते.

सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये या थांबलेल्या पिशव्या दिसतात आणि आपल्याला सांगतात, 'अंडाशयावर गाठी आहेत'. गाठ म्हटलं की आपल्या पोटात गोळा येतो. या लेकीच्या आईनं एका खासगी सेंटरला आधीच सोनोग्राफी केली होती आणि 'गाठी' ऐकून तिनं दोन रात्री झोप घेतली नव्हती. पण त्या कॅन्सरच्या गाठी नसतात आणि त्या कापून काढायच्याही नसतात. आणखी एक ऐका. पहिली पाळी आल्यापासून आठ वर्षं होईपर्यंत मुलींची सोनोग्राफी या कामासाठी धरतच नाहीत, कारण त्या वयात निरोगी मुलीच्या अंडाशयातही अशा पुष्कळ पिशव्या दिसतात. लेकीला तेव्हा सहाच वर्षं झाली होती. म्हणजे तो खर्च वाया गेला होता.

मग ओळखायचं कशावरून? मुख्य दोन गोष्टी. एक, पाळीचं अंतर. पाळी सुरू झाल्याच्या पहिल्या वर्षी ती मागेपुढे होणं चालतं. तीन वर्षं झाल्यावरही दोन पाळ्यांमध्ये ३५ दिवसांपेक्षा जास्त अंतर पडत असेल, किंवा वर्षात आठपेक्षा कमी पाळ्या येत असतील, तर दाखवायचं. दोन, पुरुषी संप्रेरक वाढल्याची खूण. म्हणजे हनुवटी, ओठांवर, छातीच्या मध्ये, बेंबीखाली राठ काळे केस, किंवा रक्ताच्या तपासणीत ते वाढलेलं दिसणं. या दोन्ही गोष्टी असतील आणि थायरॉईडसारखं दुसरं कारण नसेल, तर निदान झालं. मोठ्या बायकांत यातली एकच गोष्ट असेल तेव्हा सोनोग्राफीचा उपयोग होतो.

नुसती लव असणं म्हणजे आजार नव्हे, हेही सांगून ठेवते. आईच्या, आजीच्या ओठांवर लव असेल तर लेकीलाही असते. मऊ आणि भुरकट लव वेगळी, राठ आणि काळा केस वेगळा. आणि पाळी गेलेल्या मावश्यांनो, तुमच्या हनुवटीला दोन-चार केस आले तर घाबरू नका, त्या वयात येतात.

पण एक प्रकार मात्र वेगळा आहे आणि तिथे थांबायचं नाही. केस हळूहळू वर्षानुवर्षं न वाढता दोन-चार महिन्यांतच भराभर वाढले, आवाज घोगरा झाला, डोक्याचे केस पुढून पुरुषासारखे विरळ झाले, तर ते पीसीओएस नसून अंडाशयाची किंवा मूत्रपिंडावरच्या ग्रंथीची गाठ असू शकते. पाळी गेलेल्या बाईला असं झालं तरीही. तेव्हा त्याच आठवड्यात डॉक्टर गाठायचा.

आता त्या ₹ २४,००० कडे येते. गटातल्या काही जणी म्हणत होत्या, देऊन टाकू, पोरीचं लग्न अडलंय. काही म्हणत होत्या, नटण्यासाठी कर्ज कसलं? मला दोन्ही पटत नव्हतं. तोंडावरचे केस हा नटण्याचा प्रश्न नाही. ओढणीआड बसलेल्या पोरीला विचारून बघा. पण पैसे त्या दिवशी लेझरवर घालणं म्हणजे वरची टाकी वाहत असताना फरशी पुसत बसण्यासारखं होतं. लेझर आज असलेल्या केसाचं मूळ जाळतं. संप्रेरक वाढलेलंच राहिलं तर शेजारची मऊ लव राठ होत राहते. मग सहा वेळा जाऊन झालं की वर्षभरात पुन्हा केस, आणि कर्जाचे हप्ते चालूच. म्हणून गटानं अर्ज फेटाळला नाही, सहा महिने थांबवून ठेवला. आणि तपासणीच्या जाण्यायेण्यासाठी म्हणून ₹ १,५०० लगेच दिले. मला वाटतं, त्या गटानं फार शहाणपणानं हे केलं.

आम्ही ग्रामीण रुग्णालयात गेलो. जाताना मी लेकीला तीन गोष्टी बरोबर घ्यायला लावल्या. पाळीच्या आठवतील तेवढ्या तारखा कागदावर, तोंडाला लावत असलेल्या सगळ्या मलमांच्या ट्यूब, आणि सोनोग्राफीचा तो रिपोर्ट. आणखी एक, जायच्या आधी आठ दिवस केस उपटायचे नाहीत. डॉक्टरांना केस दिसले तर पाहिजेत! स्वच्छ करून गेलं तर ते म्हणणार, कुठे आहेत?

डॉक्टर मॅडमनी आधी वजन, उंची, रक्तदाब घेतला. वजन ६८ किलो. मग लघवीची गर्भ तपासणी सांगितली. आई एकदम चिडली, "माझी लेक तसली नाही." मॅडम शांतपणे म्हणाल्या, पाळी चुकलेली कुणीही आली तरी आम्ही ही तपासणी करतो, अगदी माझी बहीण आली तरी. तुम्हालाही हे माहीत असू द्या, त्यात संशय नसतो. पाळी आणायची गोळी गर्भ असताना देता येत नाही, म्हणून बघतात.

मग रक्त. थायरॉईड, प्रोलॅक्टिन म्हणजे दुधाचं संप्रेरक, टेस्टोस्टेरॉन म्हणजे ते पुरुषी संप्रेरक, आणि साखर. साखरेची तपासणी नुसती उपाशीपोटी नव्हती. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात पाजून दोन तासांनी पुन्हा रक्त घेतलं. पीसीओएसमध्ये उपाशीपोटीची साखर बरोबर येते आणि खाल्ल्यानंतरची चढलेली असते, असं होऊ शकतं. लेकीची दोन तासांनंतरची १५६ आली. १४० च्या आत हवी. २०० झाली की मधुमेह. म्हणजे ती मधल्या पट्ट्यात होती, एकोणिसाव्या वर्षी. थायरॉईड, प्रोलॅक्टिन ठीक, टेस्टोस्टेरॉन थोडं वाढलेलं. रक्त देण्याची वेळही महत्त्वाची आहे बरं का. संप्रेरकाच्या गोळ्या सुरू झाल्यावर टेस्टोस्टेरॉन तपासलं तर आकडा फसवा येतो, म्हणून आधी रक्त आणि मग गोळी.

मग मॅडमनी ट्यूब बघितल्या आणि एक बाजूला काढली. ती मेडिकलवाल्यानं मुरमाला आणि गोरं व्हायला म्हणून दिलेली. त्यात स्टिरॉइड होतं. या ट्यूबवर बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन असं काहीतरी लिहिलेलं असतं. पहिले आठ-पंधरा दिवस चेहरा उजळ आणि गुळगुळीत होतो, म्हणून सगळ्या जणी एकमेकींना सांगतात. पुढे कातडी पातळ होते, लाल पडते, उन्हात आणि चुलीपुढे भगभगते, एकसारखे बारके मुरूम येतात. आणि ऐका, हेच मलम महिनोन्महिने लावलं तर चेहऱ्यावर केसही वाढतात! म्हणजे केसाचं कारण आत होतंच, वरून ती दीड वर्षं खतही घालत होती. ही मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम आहे, पण आपल्याकडे कोण विचारतं.

ओळखायची सोपी खूण सांगते. मलम दोन दिवस बंद केलं की तोंड लाल होऊन जळजळतं, खाजतं, मुरूम दुप्पट होतात, आणि पुन्हा लावलं की शांत. असं झालं की समजायचं, स्टिरॉइडची सवय लागलीय. अशा वेळी बाई घाबरते आणि पुन्हा ट्यूब आणते. ते करायचं नाही. डॉक्टरांना दाखवूनच सोडायचं, कारण सोडल्यावरचे काही आठवडे वाईट जातात आणि तेवढ्यापुरतं ते वेगळं काही देतात. लेकीचे पाच आठवडे फार वाईट गेले. आई मला फोन करून म्हणायची, "तुमच्या दवाखान्यानं तोंड बिघडवलं." मग हळूहळू बसलं.

उपचार दोन बाजूंनी सुरू झाला, आतून आणि बाहेरून.

आतून पहिलं काम पाळी आणायचं. तीन महिन्यांहून जास्त पाळी आली नाही की गर्भपिशवीचं आतलं अस्तर जाड होत जातं. वर्षानुवर्षं असं राहिलं तर पुढे त्या अस्तराचा कॅन्सर होण्याचा धोका वाढतो. 'पाळी नाही तर कटकट नाही, बरंच आहे' असं म्हणणाऱ्या पोरी मला भेटतात, त्यांना मी हे सांगते. दहा दिवसांच्या गोळ्यांनी लेकीला पाळी आली. त्यानंतर रोजची संप्रेरकाची गोळी सुरू झाली. हीच गोळी कुटुंबनियोजनासाठी असते. आशा ताईंकडे मिळणारी माला-एन त्याच जातीची आहे, एका पाकिटात २१ संप्रेरकाच्या आणि ७ लोहाच्या. डॉक्टर कधी तीच देतात, कधी दुसऱ्या नावाची. या गोळीनं अंडाशयाचं पुरुषी संप्रेरक बनवणं कमी होतं, आणि जे रक्तात असतं त्यालाही बांधून ठेवलं जातं. पाळी नियमित येते, मुरूम कमी होतात, नवे राठ केस येणं मंदावतं.

इथे आईचा दुसरा आक्षेप आला. कुमारी मुलीला ही गोळी? कुणी पाकीट बघितलं तर? मी म्हटलं, पाकीट डब्यात ठेवा. ज्या औषधानं एकीला दिवस राहत नाहीत त्याच औषधानं दुसरीचे मुरूम जातात, गोळीला काय माहीत ती कुणाच्या पोटात गेली. पुढे मूल होणार नाही अशी भीतीही असते. गोळी बंद केली की तिचा तो परिणाम संपतो. पीसीओएस असलेल्या बऱ्याच जणींना मुलं होतात. काहींना अंडं पिकवायच्या गोळ्या काही महिने घ्याव्या लागतात. आणि लग्न झालेल्यांनो, उलटंही लक्षात ठेवा. पाळी तीन महिन्यांनी येते म्हणून दिवस राहणार नाहीत, असं नसतं. अंडं कधी सुटेल सांगता येत नाही.

गोळी सगळ्यांना चालत नाही. रक्तदाब जास्त असेल, पायात रक्ताची गुठळी झालेली असेल, यकृताचा आजार असेल, डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेषा येऊन अर्धशिशी उठत असेल, नुकतीच बाळंतीण असेल, तर नाही. म्हणून मैत्रिणीचं पाकीट घेऊन सुरू करायचं नाही. आणि गोळी चालू असताना एकच पाय सुजून दुखला किंवा अचानक दम लागला तर लगेच दवाखाना.

साखरेसाठी मॅडमनी मेटफॉर्मिन दिली आणि वजनाचं सांगितलं. ६८ किलोतले साडेतीन किलो उतरले तरी पाळीवर फरक पडतो, एवढंच. तिनं चहाची साखर सोडली, संध्याकाळी भातामागे भात घेणं बंद केलं आणि रोज अर्धा तास भरभर चालायला लागली. भाकरी सोडायची गरज नाही. सडपातळ पोरींनाही पीसीओएस असतो, त्यांना उगाच 'जाडी कमी कर' म्हणू नका.

बाहेरून मुरमाला दोन मलमं दिली. सकाळी बेंझॉइल पेरॉक्साइड, रात्री अ‍ॅडापॅलीन. रात्रीचं मलम वाटाण्याएवढं पूर्ण तोंडाला, एकेका मुरमावर टिकल्यासारखं नाही. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड. आधी तोंड कोरडं पडतं, सालं निघतात, मग सवय होते. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे. बेंझॉइल पेरॉक्साइडनं रंगीत कपड्यांचा रंग उडतो, तिच्या आईची नवी उशी खराब झाली म्हणून सांगते, जुनं पांढरं कापड अंथरा. अ‍ॅडापॅलीन दिवस राहिलेले असताना लावायचं नाही. मुरमाच्या आयसोट्रेटिनॉइन नावाच्या गोळीचं तर याहून कडक आहे. ती घेताना आणि बंद केल्यावर महिनाभर दिवस राहता कामा नयेत, बाळाला जन्मजात व्यंग होतं. केसांसाठी स्पायरोनोलॅक्टोन नावाची गोळीही कधी देतात, तीही गर्भ राहू न देण्याची व्यवस्था असेल तरच. लग्न ठरत असलेल्या मुलीनं ही गोष्ट डॉक्टरांना स्वतःहून सांगायची.

आणि केस? इथे लोक धीर सोडतात. दोन महिने गोळी घेतली, केस आहे तिथेच, सोडून दिली. बघा, तोंडावरचा एक केस मुळातून वाढून गळेपर्यंत काही महिने जातात. आज दिसणारा केस गोळी सुरू व्हायच्या आधीचा आहे. म्हणून औषधाचा निकाल सहा महिन्यांच्या आत लावायचाच नाही. आणि सहा महिन्यांनीही काय होतं? नवे कमी येतात, आलेले थोडे बारीक होतात, वाढ मंदावते. पण जो केस एकदा राठ झाला तो पूर्ण लव होऊन जात नाही. म्हणून वरून काढणं लागतंच.

त्या सहा महिन्यांत तिनं काय करायचं? तोंड झाकून बसायचं का? नाही. मॅडम म्हणाल्या, ओल्या चेहऱ्यावर साबणाचा फेस करून स्वच्छ रेझरनं केस वाढतात त्या दिशेनं काढ. तिथे बसलेल्या तिघी एकदम म्हणाल्या, "अगंबाई, दाढी केली तर आणखी येतील!" तुम्हीही हसताय. पण येत नाहीत. रेझर केस वरून कापतो, मुळाला हात लावत नाही. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून हाताला राठ लागतं, उसाच्या खोडक्यासारखं. संख्या तेवढीच राहते. उलट दोऱ्यानं, चिमट्यानं आणि वॅक्सनं सतत उपटून आत वळलेले केस, पू आणि काळे डाग होतात. लेकीच्या हनुवटीवरचे निम्मे डाग उपटण्याचेच होते. रेझर मात्र स्वतःचा, कुणाचा वापरलेला नाही.

सहा महिन्यांनी पाळी दर महिन्याला येत होती, वजन ६४ झालं होतं, मुरूम बरेच बसले होते. आधी तिला दर तीन दिवसांनी हनुवटी साफ करावी लागायची, आता आठवड्यानं. नवीन ठिकाणी केस आले नव्हते. आता लेझरचा विचार करायला हरकत नाही, असं त्वचारोगाच्या डॉक्टरांनी सांगितलं. अंबाजोगाईला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे त्वचेचा विभाग आहे. लातूर, सोलापूरलाही आहे. आपल्या जवळच्या सरकारी रुग्णालयात लेझर मशीन आहे का आणि चालू आहे का, हे आधी विचारावं, मग खासगीत जावं.

लेझरला जाण्याआधी काय विचारायचं ते नीट ऐका, कारण पैसे इथेच बुडतात. लेझर केसाच्या काळ्या रंगाला शोधून मुळापर्यंत उष्णता नेतं. म्हणून पांढऱ्या किंवा भुरकट केसावर ते चालत नाही. पांढरे झालेले केस असतील तर पैसे घालू नका, तिथे सुईनं एकेक मूळ जाळायची वेगळी पद्धत असते. आपली कातडी सावळी, म्हणजे रंग कातडीतही आहे. चुकीचं मशीन किंवा जास्त ताकद लावली तर केसाऐवजी कातडी भाजते आणि डाग राहतो. सावळ्या कातडीला लांब लहरीचं लेझर सुरक्षित पडतं, त्याला एनडी-याग म्हणतात, काही ठिकाणी डायोड वापरतात. मशीन कोणतं, चालवणार कोण, त्वचेचा डॉक्टर तिथे असतो का, आणि आधी कानामागे किंवा जबड्याखाली छोट्या जागेवर करून बघणार का, हे विचारा. नीट उत्तर न देणाऱ्याकडे पैसे भरू नका. आणि 'कायमचे जातात' म्हणणाऱ्यावर तर मुळीच विश्वास ठेवू नका. केस पुष्कळ कमी होतात, पीसीओएसमध्ये पुढे वर्षातून एखाद-दोन वेळा पुन्हा जावं लागू शकतं.

एका वेळी सगळे केस वाढीच्या अवस्थेत नसतात, म्हणून चार ते सहा आठवड्यांच्या अंतरानं सहा-आठ वेळा जावं लागतं. जायच्या आधी महिनाभर उपटायचं नाही, कारण मूळच नसेल तर लेझर पकडणार काय. रेझर चालतो. रबर ताणून सोडल्यासारखा चटका बसतो. नंतर दोन दिवस लाली राहते आणि ऊन टाळावं लागतं, म्हणून कापूस वेचणीच्या ऐन दिवसांत तारीख घेऊ नका. आणखी एक. गालावरच्या नुसत्या मऊ लवेवर लेझर मारून घेऊ नका. चेहऱ्यावर, जबड्यावर, संप्रेरकाचा त्रास असलेल्या मुलींमध्ये कधी कधी लेझरनं आसपासची लव उलट राठ होते. तीन-चार वेळा जाऊनही केस वाढतायत असं वाटलं तर थांबून डॉक्टरांना विचारायचं, पॅकेज भरलंय म्हणून पुढे जात राहायचं नाही.

लेकीनं फक्त हनुवटी आणि वरचा ओठ केला. गटानं ₹ ९,००० कर्ज दिलं, पूर्ण चेहऱ्याच्या पॅकेजऐवजी. एकूण सहा वेळा गेली. मध्ये एकदा आई-बापाबरोबर ऊसतोडीला गेली तेव्हा गोळ्यांची पाकिटं घरी राहिली आणि सव्वा महिना खंड पडला. पाळी पुन्हा लांबली. तेव्हापासून आशा ताई कोयत्याला जाणाऱ्या पोरींना आधीच तीन-चार पाकिटं बांधून देतात. आज तिच्या हनुवटीला आठवड्याला चार-पाच राठ केस येतात, ती छोट्या कात्रीनं कापते. गालावर मुरमाचे दोन-तीन खड्डे राहिलेत. मान बरीच उजळली आहे. दोन तासांची साखर आता १३२ आहे, दर वर्षी बघायची आहे. ओढणी आता उन्हापुरती बांधते.

कोयत्याचं नाव निघालं म्हणून एक सांगते. २०१९ साली आपल्या बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याच्या प्रकरणावर सरकारला चौकशी समिती नेमावी लागली होती, हे तुम्हाला माहीत आहे. पाळीची कटकट घेऊन गेलेल्या पोरीला कुणी 'पिशवी काढून टाका' म्हणालं तर लक्षात ठेवा, पीसीओएस पिशवीत नसतो. पिशवी काढली तरी केस, मुरूम आणि साखर तिथेच राहतात.

येत्या गुरुवारी मी ग्रामीण रुग्णालयात जाणार आहे, सकाळी साडेनऊला एस.टी. स्टँडवर भेटू. ज्यांना यायचंय किंवा लेकीला पाठवायचंय त्यांनी सीआरपी ताईंना नुसतं 'गुरुवार' एवढंच सांगा, कारण सांगायची गरज नाही. पाळीच्या तारखा, चालू गोळ्या आणि तोंडाला लावायच्या सगळ्या ट्यूब पिशवीत घाला, रिकाम्या झालेल्यासुद्धा. सकाळी काही खाऊन येऊ नका, साखर बघतील. डबा बरोबर आणा.